तुझ्या वेळी

पाथर्डीत आधार आणि दाखल्यांच्या केंद्रात काम करायला लागून मला सात वर्षं झाली. खिडकीपुढं म्हातारं माणूस बसलं की जन्मतारखेच्या रकान्यापाशी माझी बोटं थांबतात. "किती वय लिहू, आजी?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "लिही साठ-पासष्ट, तुला काय वाटतंय?" जन्माचा कागद नसला की सांगितलेल्या वयावरून साल काढलं जातं आणि कार्डावर फक्त जन्मवर्ष येतं. पुढं बँकेच्या नाहीतर पेन्शनच्या फॉर्मात पूर्ण तारीख मागतात, तेव्हा फॉर्म भरणारा त्या सालाच्या पुढं १ जानेवारी लिहून मोकळा होतो. म्हणून आमच्या भागातली निम्मी म्हातारी माणसं नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी जन्मलेली दिसतात. मी स्वतः अशा कितीतरी तारखा टाइप केल्या आहेत. पण आमच्या बाईची तारीख शोधायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा मला कळलं, की त्या रकान्यात मी रोज काय बुजवत असते.

बाई म्हणजे आमची आजी. तिची पोरं तिला बाई म्हणायची, म्हणून आम्ही नऊ नातवंडंही बाईच म्हणतो. गेल्या संक्रांतीला सगळे गावी जमलो होतो. पुण्याचा दादा म्हणाला, "बाई ऐंशीची झाली असेल ना? मोठा कार्यक्रम करू." त्यावर थोरली आत्या म्हणाली, "ऐंशी कधीच झाली, आधारवर बघ." आधारवर साल होतं १९४२. म्हणजे बाई त्र्याऐंशीत. नाना, म्हणजे आमचे आजोबा, बाजेवरून म्हणाले, "शाळेच्या दाखल्यावर चव्वेचाळीस आहे." आणि बाई चुलीपुढून म्हणाली, "मपलं वय मला विचारा की कुणीतरी."

मग आम्ही तिला विचारलं. तिनं जे सांगितलं ते तिच्या आईनं तिला सांगितलेलं होतं, आणि गेली सत्तर वर्षं ती ते त्याच शब्दांत सांगत आलीय. तिचा जन्म पोळ्याचा. वार गुरुवार, कारण तिच्या आईचा गुरुवारचा उपवास होता आणि पुरणपोळी केली, पण तिनं ती खाल्ली नाही. बैल वेशीकडं निघाले तेव्हा आईला कळा लागल्या आणि बैल परत यायच्या आत पोरगी झाली. आणि तिची आई म्हणायची, "तुझ्या वेळी पंडितजी नगरच्या किल्ल्यात होते."

हे ऐकून दादा एकदम उठून बसला. नेहरूंना आणि काँग्रेसच्या बाकीच्या पुढाऱ्यांना ऑगस्ट १९४२ मध्ये नगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं होतं, हे आमच्या जिल्ह्यातल्या शाळकरी पोरांनाही माहीत असतं. सहल तिथंच जाते. 'भारताचा शोध' त्यांनी तिथं लिहिला, ती खोली आम्ही सगळ्यांनी पाहिलीय. म्हणजे आधारवरचं बेचाळीस बरोबर, असं दादानं जाहीर करून टाकलं आणि बाईला म्हणाला, "तीन वर्षं आम्हाला फसवलंस. पंचाहत्तरीचा कार्यक्रम चुकला आमचा."

मला मात्र ते पटेना. कारण आधारवरचं बेचाळीस कुठून आलं हे मला धंद्यामुळं ठाऊक होतं. २०१२ साली गावात आधारचं शिबिर लागलं होतं. बाईनं तिथं वय सांगितलं सत्तर. का सांगितलं, हे तिनं त्या संक्रांतीला कबूल केलं. एसटीचं अर्धं तिकीट पासष्टला मिळतं, हे तिला शेजारणीनं सांगितलं होतं. शेजारीण म्हणाली, थोडं चढवून सांग, नाहीतर अडवतात. म्हणून बाईनं सत्तर सांगितलं. बारातून सत्तर वजा केले की बेचाळीस. बस, एवढाच त्या सालाचा आधार. पुढं सगळा हिशोब लागल्यावर आम्हाला समजलं, की २०१२ ला बाई सदुसष्टीत होतीच. अर्ध्या तिकिटासाठी खरं वय पुरेसं होतं. "मग मी उगीच घाबरले गं," असं म्हणून ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली, तेव्हाही ती हक्कानंच बसत होती. पण ती आजही कंडक्टरकडं बघताना पदर थोडा पुढं ओढते.

शाळेच्या दाखल्याची गोष्ट आणखी वेगळी. त्यावर १ जून १९४४ आहे. शाळेत काम केलेल्या माणसाला १ जून दिसली की समजतं. जूनमध्ये शाळा उघडायची आणि दाखल होणारं मूल सहा वर्षांचं पूर्ण भरलं पाहिजे. बाप म्हणणार, "गुरुजी, मला काय तारीख माहीत?" मग गुरुजी दाखल करायच्या दिवसातून सहा वर्षं मागं जाऊन १ जून लिहायचे. बाईला शाळेत घातलं ते जून १९५० ला, चुलत बहिणीबरोबर, एकटी जाऊ नये म्हणून सोबतीला. पन्नासातून सहा गेले, चव्वेचाळीस. म्हणजे ही तारीख बाईच्या जन्माची नाहीच, ती शाळेच्या दाराची तारीख आहे. ती शाळेत दोन वर्षं गेली. अक्षरं विसरली, पण शंभरापर्यंतचे अंक पक्के राहिले, आणि त्यावर तिनं आख्खं दुधाचं खातं सांभाळलं.

कागद असे दोन्ही बाजूंनी गेल्यावर मी पोळ्याच्या गुरुवाराला धरलं. पोळा आमच्याकडं श्रावणातल्या अमावस्येला. अमावास्या इंग्रजी तारखेला दरवर्षी वेगळ्या दिवशी येते, म्हणून वारही वेगळा. चार-पाच वर्षांतल्या पोळ्यांचे वार काढले तर गुरुवार कुठल्या साली होता हे कळेल, आणि साल सापडेल. गावच्या गुरुजींकडं पत्र्याच्या पेटीत जुनी पंचांगं आहेत. त्यांच्या वडिलांनी जपून ठेवलेली, काहींना वाळवीनं कोपरे खाल्लेले. गुरुजी आणि मी ओसरीवर बसून एकेक साल उलगडत गेलो. १९४३ चा पोळा सोमवारी. १९४४ चा शुक्रवारी. १९४६ चा पुन्हा सोमवारी. १९४५ चा पोळा ६ सप्टेंबरला, गुरुवार! मी आनंदानं उभी राहिले. पण गुरुजी म्हणाले, "थांब, बेचाळीसचंही बघू." बेचाळीसचा पोळा होता १० सप्टेंबरला. तोही गुरुवार.

त्या दिवशी घरी येताना मी फार खट्टू झाले होते. पोळ्याचे वार काढले तेव्हा मला वाटलं होतं की एक खरं साल हाती येईल, आणि हाती आली दोन सालं. त्यात बेचाळीसच्या बाजूला किल्ला होता आणि पंचेचाळीसच्या बाजूला तो नव्हता. कारण नेहरूंना २८ मार्च १९४५ ला नगरहून हलवलं. सप्टेंबर पंचेचाळीसला ते किल्ल्यात नव्हतेच, जूनमध्येच त्यांची सुटकाही झाली होती. बाईच्या आईचं म्हणणं खरं धरलं तर बाई बेचाळीसची. दादानं फोनवर विचारलं, "मग त्र्याऐंशीचा केक सांगू का?"

बाईच्या बाजूनं एक गोष्ट होती, ती तिच्या पाठच्या भावाची. बाईचं माहेर शेवगाव तालुक्यात गोदाकाठी होतं. पलीकडचा काठ पैठणचा, म्हणजे निजामाचा. रझाकारांच्या धामधुमीत पलीकडची माणसं नावांतून या काठाला यायची. बाईच्या आठवणीत त्यातलं एकच चित्र आहे. त्यांच्या अंगणात अनोळखी बायका घोंगड्यांवर झोपल्यात, आणि ती आईच्या मांडीवर बसायला गेली तर मांडीवर भाऊ आहे. म्हणजे भाऊ अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यातला. पुढं सप्टेंबरात फौजा गेल्या आणि निजामानं हात टेकले. बेचाळीसचा जन्म असता तर त्या वेळी बाई सहा वर्षांची असती. सहा वर्षांची पोरगी आईच्या मांडीसाठी रुसत नाही, उलट भावाला कडेवर घेऊन अख्खं गाव फिरते. तीन वर्षांची मात्र रुसते. हा पुरावा मला पटत होता, पण दादाला पटेना. "तू तिची वकील आहेस," म्हणाला.

गाठ सुटली ती काकांच्या जन्मदाखल्यामुळं, आणि सुटली ती माझ्याच खिडकीवर. धाकट्या काकांना कसलासा दाखला काढायचा होता. त्यांची जन्मनोंद सरकारी दवाखान्यातली, म्हणून पक्की: जुलै १९७३. ती पाहून मी चमकले. कारण बाईचं कायमचं वाक्य आहे, "धाकट्याच्या वेळी मी दुष्काळात खडी फोडली." त्यावरून आम्ही समजत होतो की काका बहात्तरच्या दुष्काळात जन्मले. पण काका जन्मले तेव्हा पाऊस पडून गेला होता! त्याच संध्याकाळी मी बाईला विचारलं, "अगं, काका झाले तेव्हा तर दुष्काळ संपला होता. मग धाकट्याच्या वेळी खडी कशी फोडलीस?" बाई माझ्याकडं अशी बघत राहिली, की हिला शिकवून काही उपयोग झाला नाही. म्हणाली, "अगं, वेळी म्हणजे पोटात होता तवा. झाल्यावर कसली वेळ? झाल्यावर तो झालाच की."

मला एकदम उजेड पडला. बायकांच्या बोलण्यात 'तुझ्या वेळी' म्हणजे तू पोटात होतास तेव्हा. डोहाळे कसले लागले, ओकाऱ्या किती झाल्या, कामाला कुठं जात होते, ते सगळं 'तुझ्या वेळी'. बाळंत झाल्याचं सांगताना त्या 'तू झालास तेव्हा' म्हणतात. आम्ही शाळा शिकलेल्यांनी दोन्ही एकच धरलं. बाईची आई म्हणत होती, "तुझ्या वेळी पंडितजी किल्ल्यात होते." जन्म ६ सप्टेंबर पंचेचाळीसचा धरला तर दिवस गेले डिसेंबर चव्वेचाळीसच्या आसपास. म्हणजे डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत, ऐन ओकाऱ्यांच्या आणि डोहाळ्यांच्या दिवसांत, पंडितजी खरोखरच किल्ल्यात होते. आणि बेचाळीसच्या सप्टेंबरचा जन्म धरला तर? नेहरू आले ऑगस्टमध्ये, म्हणजे तोवर तिचे आठ महिने भरले होते. उरलेल्या एका महिन्यासाठी कुठली बाई 'तुझ्या वेळी' म्हणेल? बाईच्या आईचं वाक्य पंचेचाळीसकडंच बोट दाखवत होतं. दोन पिढ्या आम्ही ते चुकीचं ऐकत होतो.

मी हे दादाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "कागद दाखव."

कागद होता. शेवगाव तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना चौदा, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात ते. जुन्या काळी गावातला जन्म आणि मृत्यू यात लिहिला जायचा. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हापासून ही पुस्तकं लोकांना माहीत झाली. ती नीट लावली गेली, मोडी वाचणारी माणसं शोधली गेली. माझ्या खिडकीवर त्या दोन वर्षांत लोक नकलेचे अर्ज भरायला रांग लावून यायचे, म्हणून मला वाट ठाऊक होती. अर्जात गाव आणि साल लिहावं लागतं. आधी मी बेचाळीसचं साल दिलं होतं, तेव्हा काही निघालं नव्हतं. पण न निघणं हा पुरावा होत नाही, कारण सगळेच जन्म लिहिले जात नव्हते, आणि मुलींचे तर आणखी कमी. आता मी पंचेचाळीस लिहिलं.

तीन आठवड्यांनी नक्कल आली. मोडी वाचणाऱ्या गृहस्थांनी बोटानं ओळ दाखवली. बाईच्या वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, आणि पुढं एक शब्द: मुलगी. नाव नाही. बारशाच्या आधीच नोंद झालेली, मग नाव कुठून असणार? तारीख मात्र ९ सप्टेंबर १९४५. सहा नव्हे, नऊ. मी विचारलं तर ते म्हणाले, कोतवालाला कळेल त्या दिवशी तो लिहायचा, घरचा माणूस चावडीवर जाईल तेव्हा नोंद. पोळ्याच्या दिवशी बाप बैलांमागं, दुसऱ्या दिवशी सुईणीची पाठवणी, मग चावडी. तीन दिवसांचा उशीर म्हणजे फार नव्हे. नऊ तारखेला अमावास्याही नव्हती आणि गुरुवारही नव्हता. जन्माचा दिवस कोणता ते बाईच्या आईनं सांगितलं आणि साल कोणतं ते कोतवालानं. दोघांनी मिळून तारीख पुरी केली: गुरुवार, ६ सप्टेंबर १९४५, तिन्हीसांजेच्या आधी.

ती नक्कल मी बाईच्या हातात दिली. तिनं त्या 'मुलगी' शब्दावरून बोट फिरवलं. तिला मोडी येत नाही आणि आता बाळबोधही येत नाही. म्हणाली, "यात मपल्या बापाचं नाव आहे?" मी हो म्हटलं. तिचं माहेरचं गाव जायकवाडीच्या पाण्यात गेलं. १९७६ साली धरणाचं उद्घाटन झालं, त्याच्या आधीच गावकरी उठून वर आले होते. घर, अंगण, वेस, बैल जिथून निघाले ती वाट, सगळं नाथसागराखाली आहे. तिच्या वडिलांच्या हातचं तिथलं काही उरलेलं नाही. ती नक्कल बाईनं घडी घालून लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवलीय, आणि आम्हाला झेरॉक्स काढून घ्यायला सांगितली.

आता त्या खडीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती सांगितल्याशिवाय बाईचा कुठलाही वाढदिवस होत नाही. बहात्तरला आमच्या गावाजवळ पाझर तलावाचं आणि रस्त्याचं काम निघालं होतं. बायका घमेली वाहायच्या नाहीतर खडी फोडायच्या. खडीची मजुरी मापावर. आठवडाभर फोडलेली खडी ढीग करून ठेवायची, आणि हप्त्याच्या दिवशी साहेब येऊन ढीग मोजायचा. ढीग मोठा दिसला की दोन पैसे जास्त. म्हणून काही जणी ढिगाच्या पोटात न फोडलेला धोंडा ठेवून त्यावर खडी रचायच्या. साहेबालाही हे ठाऊक होतं, म्हणून तो प्रत्येक ढिगाला बुटानं ढोसून बघायचा. बाईला तेव्हा चौथा महिना. हातोडा उचलवत नव्हता. तिच्या ढिगाला साहेबानं बूट लावला आणि खडी घसरून आतून कलिंगडाएवढा दगड बाहेर आला. सगळ्या बायका गप्प. साहेबानं विचारलं, "हे काय?" बाई म्हणाली, "अंडं आहे साहेब. उबवायला ठेवलंय, पुढच्या हप्त्याला फुटंल."

साहेब हसला. त्यानं बाईच्या पोटाकडं बघितलं असावं, असं नाना म्हणतात. बाई म्हणते, अजिबात नाही, तो अंड्यालाच हसला. त्यानं पूर्ण माप लिहिलं, पण तो दगड समोर बसून फोडायला लावला. कामावर सुकडी मिळायची, ती बाई पदरात बांधून घरी आणायची. थोरल्या आत्याला आणि बाबांना ती वाटून दिली की स्वतः मिलोची लाल भाकरी खायची. ती भाकरी गार झाली की चामड्यासारखी व्हायची. काका आजही मोठ्या आवाजात बोलायला लागले की बाई म्हणते, "फुटलं बघा अंडं."

आणि बाबांची गोष्ट भूकंपाची. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चारच्या पुढं कोयनेचा भूकंप झाला आणि आमच्या घरातला पाळणा आपोआप हलायला लागला. बाबा तेव्हा महिन्याचे. अंधारात बाईला वाटलं सासूबाई झोका देतायत. ती झोपेतच म्हणाली, "राहू द्या आत्याबाई, झोपलाय तो." पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "मी कुठं देतीय? तूच देतीस ना?" मग दोघी एकदम उठून बसल्या आणि मांडणीवरची भांडी वाजायला लागली. बाबा उठले नाहीत. बाबांना सकाळी कुणी लवकर उठवायला गेलं की बाई अजून सांगते, "नका कष्ट घेऊ, हा भूकंपाला उठला नाही."

साल ठरल्यावर नवा पेच आला, की साजरं कधी करायचं? तिथीनं म्हणजे पोळ्याला, २२ ऑगस्ट २०२५. इंग्रजी तारखेनं ६ सप्टेंबर, पण त्या दिवशी होती अनंत चतुर्दशी. किंवा सहस्रचंद्रदर्शन धरायचं. ऐंशी म्हटलं की सगळे सहस्रचंद्र म्हणतात, पण मी हिशोब केला. पौर्णिमेपासून पौर्णिमा साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त. ऐंशी वर्षांचे दिवस २९,२२०. भागाकार केला तर येतात ९८९ आणि वर अर्धा. म्हणजे ऐंशी पूर्ण झाली तरी हजाराला दहा-अकरा चंद्र कमीच पडतात. हजार पुरायला साधारण ऐंशी वर्षं आणि दहा महिने लागतात. बाई अमावास्येची, म्हणून तिचा पहिला चंद्र जन्मानंतर पंधरा दिवसांनी. तिथून एकेक मोजत गेलं की हजारावा येतो २९ जून २०२६ ला. त्या दिवशी वटपौर्णिमा आहे.

हे मी वहीत मांडून तिला समजावलं. तिनं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "आणि पावसाळ्यातले? ढगात गेलेले मी कुठं बघितलेत? तेही मोजलेस?" मी म्हटलं, मोजले. "मग खोटं आहे," म्हणाली, "पण चालंल."

दिवस तिनंच निवडला. "पोळ्याला करा. पण आधी बैल, मग मी." आमच्याकडं आता ट्रॅक्टर आहे, पण नानांनी एक खोंडांची जोडी ठेवलीय, केवळ हट्टापायी. आदल्या संध्याकाळी बाईनं स्वतः त्यांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळलं. पोळ्याच्या दिवशी झूल, बाशिंग, गोंडे, शिंगांना रंग, पुरणपोळीचा घास, वेशीतून मिरवणूक, सगळं झालं. बैल परत आले, दारात त्यांचे पाय धुतले, आणि मग बाईला पाटावर बसवलं. कणकेचे ऐंशी दिवे मोठ्या काकूंनी आणि आम्ही नातींनी सकाळपासून केले होते. ते दोन परातींत मांडले तरी मावेनात, शेवटचे सहा ताटलीत. ओवाळायला परात उचलली तर ती इतकी जड की ताईचे हात थरथरायला लागले. बाई पाटावरून म्हणाली, "अगं, खाली ठेव. मी फिरते परातीभोवती."

आणि ती खरंच उठली. एका हातानं नानांचा खांदा धरून तिनं दिव्यांभोवती एक फेरी घातली. नाना म्हणाले, "वडाची फेरी पुढच्या जूनला आहे." ती म्हणाली, "तिलाही तुम्हालाच धरून फिरीन, दुसरं कोण आहे?" नानांनी छप्पन्न वेळा तरी हे वाक्य आम्हाला पुन्हा सांगितलंय.

जेवणात येसर आमटी होती, पुरणपोळी होती, आणि पुण्याहून आलेला केकही. केकवर दादानं ८० लिहून आणलं होतं. मी बघितलं, त्यानं बाईच्या पाया पडताना तिच्या कानात काहीतरी सांगितलं. नंतर विचारलं तर बाई म्हणाली, "चुकलं म्हणाला. मी म्हणलं, तू पोरगा आहेस, तुला वेळ म्हणजे काय ते कसं कळणार?"

पंधरा दिवसांनी, ७ सप्टेंबरच्या रात्री, खग्रास चंद्रग्रहण होतं. तो बाईचा नऊशे नव्वदावा चंद्र. आम्ही तिला गच्चीवर खुर्चीत बसवलं. बाबांच्या वेळी, काकांच्या वेळी, आत्यांच्या वेळी तिला ग्रहणात अंधाऱ्या खोलीत बसवून ठेवायचे. विळीला हात लावायचा नाही, चिरायचं नाही, वर बघायचं नाही. पौर्णिमेचं ग्रहण तिनं ऐंशी वर्षांत डोळे भरून असं कधी बघितलंच नव्हतं. ढग येत-जात होते. अकराच्या सुमाराला चंद्र पुरता झाकला गेला आणि तांब्याच्या जुन्या घंगाळासारखा लाल दिसायला लागला. बाई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "असला असतो होय तो? आणि आम्हाला खोलीत कोंडायचे."

खाली उतरताना तिनं चुलीजवळच्या भिंतीवर गेरूनं एक उभी रेघ ओढली. दर पौर्णिमेला एक ओढायची, अकरा झाल्या की मी सांगीन, असं तिनं ठरवलंय. आधारवरचं साल दुरुस्त करायला मी नक्कल घेऊन तयार आहे, पण ती म्हणते, आधी रेघा पुऱ्या होऊ देत. परवा कोजागरीला रात्री साडेअकराला तिचा फोन आला. मला वाटलं, बरं नाही की काय.

"झोपलीस का गं? दूध पिऊन झालं आमचं. दुसरी ओढली. आणि आज ढग नव्हते, ही खरी धर."